विषय : सोमवारच्या उत्पादन बैठकीतील माझ्या वागण्याबद्दल

देशमुख सर आणि टीममधील सर्वांना,

सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये, तपासणी न झालेला बुशचा लॉट लाइनवर गेल्यावरून मी स्टोअरच्या निखिलवर आवाज चढवला, त्याचं बोलणं मध्येच तोडलं आणि "स्टोअरमध्ये बसून तुला लाइनवरचं काय कळणार" असं म्हणालो. सुलभाताई मला शांत करायला गेल्या, तर त्यांनाही "मध्ये पडू नका" म्हटलं आणि फाइल टेबलावर आपटून निघून गेलो. हे वागणं चुकीचं होतं. निखिल आणि सुलभाताईंची, तसंच तुम्हा सगळ्यांची मी माफी मागतो.

रात्रपाळीतलं रिजेक्शन आणि सकाळी सकाळी आलेला ग्राहकाचा फोन हे मी कारण म्हणून पुढे करत नाही. तो ताण खोलीतल्या प्रत्येकावर होता. ओरडलो फक्त मी.

निखिलला त्या दिवशी जे सांगायचं होतं ते मी सांगूच दिलं नाही. नंतर इश्यू रजिस्टर उघडून पाहिलं. बुशच्या त्या लॉटवर त्याने पिवळा टॅग लावला होता आणि शेऱ्यात 'तपासणी बाकी' असं स्पष्ट लिहिलं होतं. शिफ्टकडून तोंडी मागणी झाल्यावर माल उचलला गेला. म्हणजे ज्याने आपलं काम नीट केलं होतं त्यालाच मी सगळ्यांदेखत दोष दिला. प्राचीने मीटिंगच्या नोंदीत 'स्टोअरकडून चूक' असं माझ्या बोलण्यावरून लिहिलं आहे. ते वाक्य काढून रजिस्टरमधली नोंद तिथे घालावी, अशी विनंती आहे.

काल निखिलला भेटून मी माफी मागितली आहे. पण त्याचा अपमान सगळ्यांसमोर झाला होता, म्हणून हेही सगळ्यांना लिहितो आहे. तो अजून नवा आहे. सीनिअर माणसाने असं झापल्यावर पुढच्या वेळी तपासणी न झालेला माल जाताना दिसला तरी बोलावं की नाही, असा विचार त्याच्या मनात येऊ नये, ही मला खरी काळजी आहे. निखिल, तू बोलत राहा.

तपासणी न झालेला माल लाइनवर जाता कामा नये, या मुद्द्यावर मी आजही ठाम आहे. तो मांडायची पद्धत मात्र मी बदलणार आहे. यापुढे मीटिंगला येण्याआधी कागद तपासून येईन, आणि डोकं तापलंय असं वाटलं तर तसं सांगून थोडा वेळ बाहेर जाईन. सर, या प्रकाराबद्दल तुम्हाला माझ्याशी वेगळं बोलायचं असेल तर मी कधीही येतो.

गुरुवारच्या मीटिंगमध्ये मला दहा मिनिटं द्यावीत. पिवळ्या टॅगचा माल कुलपात ठेवायचा आणि लेखी स्लिपशिवाय द्यायचा नाही, असा प्रस्ताव निखिल आणि मी मिळून तयार करतो आहोत. त्याची पहिली कल्पना निखिलची आहे, त्यामुळे तो त्यानेच मांडावा असं आमचं ठरलं आहे.

आपला,
संदीप
क्वालिटी विभाग, चाकण प्लांट