वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस

आम्रकुंज सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, पुणे
दिनांक : २५ ऑगस्ट २०२५

प्रति,
संस्थेचे सर्व सन्माननीय सभासद

याद्वारे कळविण्यात येते की, संस्थेची सन २०२४-२५ या आर्थिक वर्षाची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दिनांक १४ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी ठीक १०.०० वाजता संस्थेच्या 'अ' इमारतीच्या पार्किंगमध्ये खालील विषयांचा विचार करण्यासाठी आयोजित केली आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ही सभा घेणे बंधनकारक आहे. ६ सप्टेंबरच्या विसर्जनानंतर सर्वांना सवड मिळावी म्हणून त्यापुढच्या आठवड्यातला रविवार ठरवला आहे.

विषयांकडे वळण्यापूर्वी एक खुलासा. गेल्या वर्षीच्या नोटिशीत 'गच्चीचे काम करणे' एवढीच ओळ होती. सभेत सर्वांनी हात वर केले. पण किती खर्चाचे काम, कोणाकडून आणि पैसे कोठून, यातले काहीच ठरावात नव्हते. परिणामी काम वर्षभर रखडले आणि सातव्या मजल्यावरच्या चार घरांच्या छतांतून दुसरा पावसाळाही गळतो आहे. 'ब' इमारतीतल्या एका घरी देवघरावरच्या छताचा गिलावा सुटून पडला, तो मी स्वतः पाहून आलो. म्हणून या वेळी व्यवस्थापक समितीच्या बैठकीतले मुद्दे जसेच्या तसे न देता, जिथे निर्णय हवा तिथे ठरावाचा पूर्ण मसुदा दिला आहे. आपण ज्यावर मत देणार आहात ते शब्द आधी घरी वाचून या, ही विनंती.

सभेपुढील विषय

१. दिनांक २२ सप्टेंबर २०२४ रोजी झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

२. व्यवस्थापक समितीचा सन २०२४-२५ चा वार्षिक अहवाल आणि ३१ मार्च २०२५ अखेरचे ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक स्वीकारणे. दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

३. सन २०२४-२५ चा वैधानिक लेखापरीक्षण अहवाल वाचणे व त्यावरील दोषदुरुस्ती अहवालास मान्यता देणे.

४. सन २०२५-२६ साठी वैधानिक लेखापरीक्षकाची नेमणूक करणे.
ठराव : "असे ठरविण्यात येते की, शासनमान्य नामतालिकेवरील विद्यमान लेखापरीक्षकांचे हे संस्थेतील पहिलेच वर्ष असल्याने, त्यांचीच सन २०२५-२६ साठी शासनाने ठरविलेल्या दराने फेरनेमणूक करण्यात यावी."

५. दोन्ही इमारतींच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग.
समितीने जागेची पाहणी करून घेऊन तीन सीलबंद दरपत्रके मागविली. ती करांसह अनुक्रमे ₹६,८४,०००, ₹७,३५,००० आणि ₹८,१०,००० अशी आली. तिन्ही ठेकेदारांनी जुना थर पूर्ण काढून, उतार नव्याने देऊन, ब्रिकबॅट कोबा व वर रासायनिक लेप असेच काम सुचविले आहे. म्हणजे तुलना सारख्या कामाची आहे. दुरुस्ती व देखभाल निधीत आज ₹४,२०,००० वापरता येण्याजोगे आहेत. उरतात ₹२,६४,०००. आपल्या ४८ही सदनिका समान क्षेत्रफळाच्या असल्याने प्रत्येकी ₹५,५०० येतात. सिंकिंग फंडाला हात लावू नये, असे समितीचे स्पष्ट मत आहे. तो पैसा मोठ्या संरचनात्मक दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी राखायचा आहे.
ठराव : "असे ठरविण्यात येते की, ₹६,८४,००० चे सर्वांत कमी दराचे दरपत्रक मंजूर करण्यात यावे; त्यापैकी ₹४,२०,००० दुरुस्ती व देखभाल निधीतून व उर्वरित रक्कम प्रति सदनिका ₹५,५०० याप्रमाणे ऑक्टोबर व नोव्हेंबर २०२५ च्या बिलांत ₹२,७५० च्या दोन समान हप्त्यांत वसूल करण्यात यावी. ठेकेदारास एकूण रकमेच्या १० टक्के रक्कम पुढील पावसाळा संपल्यावर, गळती नसल्याची खात्री करूनच देण्यात यावी. करारात किमान ७ वर्षांची लेखी हमी असावी."
शेवटची दोन वाक्ये माझ्या आग्रहावरून घातली आहेत. वॉटरप्रूफिंगची परीक्षा पावसातच होते, उन्हाळ्यात झालेल्या पाहणीत नाही.

६. स्ट्रक्चरल ऑडिट.
इमारती २००१ साली पूर्ण झाल्या. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे ऑडिट उपविधींनुसार दर ५ वर्षांनी एकदा व्हायला हवे. आपले मागचे २०१९ मध्ये झाले. म्हणजे मुदत उलटून गेली आहे.
ठराव : "असे ठरविण्यात येते की, मान्यताप्राप्त संरचना अभियंत्याकडून दोन्ही इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट ₹६०,००० च्या मर्यादेत डिसेंबर २०२५ अखेर करून घेण्यात यावे व अहवालाची प्रत प्रत्येक सभासदास देण्यात यावी."

७. थकबाकी.
३१ जुलै २०२५ अखेर पाच सदनिकांकडून ₹१,८६,४०० येणे आहे. नावे नोटिशीत दिलेली नाहीत व सभेतही वाचली जाणार नाहीत. संबंधितांशी मी समक्ष बोललो असून दोघांनी हप्ते बांधून मागितले आहेत.
ठराव : "असे ठरविण्यात येते की, थकबाकीवर उपविधींतील कमाल २१ टक्क्यांच्या मर्यादेत वार्षिक १८ टक्के दराने सरळव्याज आकारण्यात यावे, लेखी अर्ज करणाऱ्यास सहा समान हप्ते द्यावेत, आणि ३१ मार्च २०२६ नंतरही रक्कम न भरल्यास अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ अन्वये वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे अर्ज करण्याचे अधिकार समितीस देण्यात यावेत."

८. गच्चीवर सौर विद्युत यंत्रणा.
पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट ₹१८,००० अनुदान मिळते. १० किलोवॅटला ते ₹१,८०,००० होते. लिफ्ट, पंप व जिन्याचे दिवे मिळून आपला वापर दरमहा सुमारे १,१५० युनिट आहे आणि एवढी यंत्रणा साधारण तितकीच वीज देते. मात्र पॅनेलचे खांब बसल्यावर कोबा फोडावा लागू नये, म्हणून हे काम विषय ५ पूर्ण झाल्यानंतरच हाती घ्यायचे आहे. आत्ता खर्चाची मंजुरी मागत नाही.
ठराव : "असे ठरविण्यात येते की, समितीने किमान तीन दरपत्रके मागवून विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवावीत."

९. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. उपविधी दुरुस्ती किंवा सभासदाची हकालपट्टी यांसारखे, ज्यांना रीतसर नोटीस लागते, असे विषय यात घेता येणार नाहीत.

सूचना

सभेची गणपूर्ती २० सभासदांची आहे. ती १०.३० वाजेपर्यंत न झाल्यास सभा तहकूब होऊन त्याच दिवशी, त्याच ठिकाणी ११.०० वाजता घेतली जाईल व त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही. तरीही अकराची वाट पाहू नये. ₹६,८४,००० चा निर्णय बारा जणांनी घेतला असे व्हायला नको.

एका सदनिकेस एकच मत. पहिले नाव असलेले सभासद गैरहजर असल्यास सहसभासदास उपस्थित राहून मत देता येईल. मुखत्यारपत्रधारक वा प्रतिनिधी चालणार नाही.

हिशेबांविषयीचे प्रश्न ७ सप्टेंबरपर्यंत लेखी दिल्यास सभेत कागदपत्रांसह उत्तर देता येईल. हिशेबाची पुस्तके, तिन्ही दरपत्रके व लेखापरीक्षण अहवाल ८ ते १२ सप्टेंबर या काळात रोज सायंकाळी ७ ते ९ संस्थेच्या कार्यालयात पाहायला मिळतील. जिना चढणे कठीण असलेल्या ज्येष्ठ सभासदांनी सुरक्षारक्षकाकडे निरोप ठेवावा, कागद त्यांच्या घरी आणून दाखवेन.

व्यवस्थापक समितीच्या आदेशावरून,
मानद सचिव
आम्रकुंज सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित

प्रत : दोन्ही इमारतींचे सूचनाफलक, बाहेरगावी राहणाऱ्या सभासदांना नोंदणीकृत पत्त्यावर टपालाने.
सोबत : वार्षिक अहवाल, ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक, दोषदुरुस्ती अहवाल.