तीन वीसची बस

नानांनी ग्रीन कार्ड परत करायचं ठरवलंय हे नवऱ्याच्या आधी मला कळलं, आणि तेही भेंडी चिरताना. ओट्याशी येऊन उभे राहिले, हातात आयपॅड, आणि म्हणाले, अगं हा फॉर्म जरा बघ ना, आय-४०७ म्हणतात त्याला, दोनच पानं आहेत, फी पण नाही. जसं काही लायब्ररीचं कार्ड बंद करायचंय. मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, नाना ह्याला सांगितलंत? तर म्हणाले, आधी फॉर्म भरू, मग सांगू. तयार गाडी दाखवली की प्रवासी कमी बोलतो.

नाना एसटीत होते. चिपळूण आगारात आधी कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक, म्हणजे ते स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये माईक घेऊन बसतात ना, ते. २०१३ ला अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर रिटायर झाले. २०१५ मध्ये सासूबाई गेल्या, आणि त्यानंतर माझ्या नवऱ्याने एकच ध्यास घेतला की नानांना इकडे आणायचं. स्वतः सिटिझन झाला, लगेच पेपर टाकले, आणि २०१७ मध्ये नाना एडिसनला आले. कार्डावर 'रेसिडेंट सिन्स' म्हणून तारीख आहे ०४/११/१७. नाना ती कायम चार नोव्हेंबर वाचायचे. आम्ही सांगायचो नाना, इथे महिना आधी लिहितात, ११ एप्रिल आहे ती. त्यावर ते म्हणायचे, महिना आधी लिहिणाऱ्या देशात गाड्या वेळेवर कशा सुटतात कोण जाणे.

सईला, म्हणजे माझ्या मुलीला, तेव्हा नववं चालू होतं. तिची स्कूल बस दुपारी तीन वीसला आमच्या कोपऱ्यावर यायची आणि तिला आणायला जायचं काम नानांनी पहिल्या आठवड्यातच स्वतःकडे घेतलं. तीन दहाला निघायचे. थंडीत कानटोपी, वर जॅकेटचा हुड, आणि खिशात एक छोटी वही. ती वही मी बऱ्याच दिवसांनी पाहिली. रोजची तारीख, बस आली ती वेळ, किती मिनिटं लेट, आणि शेरा. "बर्फ." "नवीन ड्रायव्हर." "कारण समजले नाही." पाच वर्षं! मधली कोरोनाची पानं कोरी, पण तारखा मात्र घातलेल्या. ड्रायव्हर बाई त्यांना ओळखायला लागली होती, उशीर झाला की खिडकीतूनच सॉरी म्हणायची, आणि नाना घरी येऊन सांगायचे की आज बाईने सहा मिनिटांचा खुलासा दिला.

मग २२ जुलै २०२१. चिपळूणचा पूर आठवत असेल सगळ्यांना. आमचं घर पेठमापात, म्हणजे वाशिष्ठी जवळजवळ दारातच. आम्ही इथे एडिसनला फोनवर व्हिडिओ बघतोय, फॉरवर्डवर फॉरवर्ड, आणि कुठल्यातरी व्हिडिओत नानांना आमची गल्ली दिसली. दिसलं काय, तर पत्रे आणि विजेचे खांब आणि मध्ये चॉकलेटी पाणी. चुलतभाऊ बाळूकाका वरच्या मजल्यावर अडकलेले, त्यांचा फोन लागेना. नाना रात्रभर डायनिंग टेबलाशी बसून होते. काही बोलले नाहीत. सकाळी मला विचारलं, इथून मुंबईचं तिकीट किती. तेव्हा जाणं शक्यच नव्हतं. गेले ते डिसेंबरमध्ये, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर नाना इकडे राहायला कधी आलेच नाहीत, कार्ड सांभाळायला येत राहिले.

हे कार्ड सांभाळणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी आईवडील आहेत त्यांनाच कळेल. सहा महिन्यांच्या आत परत या, त्यापेक्षा जास्त झालं तर प्रश्न विचारतात, वर्ष झालं तर अजूनच कठीण. म्हणजे नातवंडांची सुट्टी नाही, सण नाही, काही नाही, कॅलेंडर बघून माणूस विमानात बसतो. २०२४ मध्ये घराच्या छपराचं काम लांबलं आणि नाना आठ महिन्यांनी आले. नवऱ्याने फोनवर तीनदा घोकून घेतलं होतं, ऑफिसरने विचारलं कुठे राहता, तर एडिसन म्हणायचं. आम्ही बाहेर वाट बघतोय, सगळी फ्लाईट रिकामी झाली, व्हीलचेअरवाल्या आज्या सुद्धा बाहेर आल्या, नाना नाहीत. दीड तासाने आले. त्यांना आतल्या खोलीत बसवलं होतं. गाडीत नवरा म्हणाला, नाना, काय सांगितलंत त्याला? नाना म्हणाले, मी एडिसनच म्हणणार होतो रे, पण त्याने इतकं पटकन विचारलं, व्हेअर डू यू लिव्ह, की तोंडातून चिपळूण गेलं.

नवरा पूर्ण रस्ताभर गप्प. मला मागच्या सीटवर हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. ऑफिसरने सोडलं खरं, वाईट नव्हता तो, पण पुढच्या वेळी विचार करून ये असं बजावलं होतं.

गेल्या जूनमध्ये सई सतरा वर्षांची झाली आणि तिला लायसन्स मिळालं. मैत्रिणीबरोबर कधी, स्वतः कधी, ती गाडीनेच यायला लागली. खरं तर बसने येणं तिने नाईन्थ ग्रेडलाच बंद केलं होतं, मोठ्या शाळेची वेळही वेगळी. मी घरून काम करते, माझ्या टेबलाची खिडकी कोपऱ्याकडे आहे. नाना इथे असले की तीन दहाला निघायचे. तीन वीसची बस यायची, दुसऱ्यांची मुलं उतरायची, बस जायची, नाना परत यायचे. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणाले, नवीन रूटवर तीन मिनिटं वाचवलीत त्यांनी.

तर तो फॉर्म. नाव, जन्मतारीख, ए-नंबर, शेवटचं कधी आलात, पत्ता, हे सगळं मी भरलं. आणि मग कारण. स्टेटस का सोडताय, कारण लिहा. मी म्हटलं, काय लिहू नाना? ते म्हणाले, ती ओळ ठेव रिकामी, बघतो.

नवऱ्याला रविवारी सांगितलं. त्याला राग आला नाही, त्यापेक्षा वाईट, तो एकदम ऑफिसमध्ये बोलतात तसं बोलायला लागला. हे एकदा दिलं की परत मिळत नाही नाना, पुन्हा पहिल्यापासून पेपर टाकावे लागतील. री-एन्ट्री परमिट काढू, दोन वर्षं काळजी नाही. नाना म्हणाले, आणि दोन वर्षांनी? नवऱ्याकडे उत्तर नव्हतं, मग त्याने सीएला फोन लावला. सीए म्हणाला आठ वर्षं झाली की सोडताना टॅक्सचा अजून एक फॉर्म भरावा लागतो, आणि मालमत्ता दोन मिलियन डॉलरच्या वर असेल तर टॅक्स पण बसू शकतो. स्पीकरवर होता फोन. नानांनी शांतपणे विचारलं, त्यात एसटीची पेन्शन धरतात का? महिन्याला तीन हजार रुपये. त्यावर सीए पण हसला, फक्त आमचा हा हसला नाही.

रात्री मला म्हणाला, मी काय कमी केलं गं? आता ह्याला काय उत्तर देणार. खोली दिली, टीव्हीवर मराठी चॅनेल, ओक ट्री रोडवरून दर शनिवारी ताजे मासे, डे केअरची व्हॅन पण लावून बघितली, तिथे कॅरम आणि जेवण, नाना दोन दिवस गेले आणि म्हणाले सगळे लोक चांगले आहेत पण सगळे कुणीतरी न्यायला येण्याची वाट बघत बसलेले असतात. मी एवढंच म्हटलं, तू काही कमी केलं नाहीस. तो म्हणाला, मग ते कारण काय लिहिणार आहेत? लॉयर मित्राने त्याला सांगितलं होतं की 'कायमचा मायदेशी परत जात आहे' एवढं लिहिलं की झालं. त्याने ते इंग्लिशमध्ये कागदावर लिहून नानांच्या पासपोर्टमध्ये ठेवलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नाना गेले, गणपतीच्या आधी. मुंबईहून मांडवी पकडली आणि दुपारी जेवायला घरी. कार्ड आणि फॉर्म बरोबर नेला होता, तिकडूनच पाठवतो म्हणाले, इथून पाठवून मग इथेच राहायचं म्हणजे बिनतिकीट बसल्यासारखं. गौरी-गणपती झाल्यावर चिपळूणच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवलं. काउंटरवरच्या मुलाने पत्ता वाचून विचारलं, व्हरमाँट म्हणजे नक्की कुठे आलं? नाना म्हणाले, मला तरी काय माहीत, आठ वर्षं राहिलो पण तिकडे गाडी जात नव्हती. मग त्याने विचारलं आत काय आहे, किंमत किती लिहू? नाना म्हणे जरा अडकले. मागे लाईन होती. म्हणाले, शंभर लिही.

हे त्यांनी मला फोनवर सांगितलं, हसत हसत. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे ना आमच्या पडवीत, सात फुटांवर, ती सोडून बाकी सगळं घर रंगवून घेतलं म्हणाले. बाळूकाका म्हणत होते तिच्यावरूनही मारून टाकू, नाना म्हणाले राहू दे.

डिसेंबरमध्ये पाकीट आलं, आमच्या पत्त्यावर. शिक्का मारलेली कॉपी. नवऱ्याने उभ्या उभ्याच फोडलं, बूट पण काढले नव्हते, बर्फाचं पाणी लादीवर. पहिलं पान मी टाईप केलेलं. कारणाच्या ओळीत मात्र निळ्या पेनने, नानांचं ते रजिस्टरवालं सरळ कॅपिटल अक्षर. 'आय लिव्ह इन चिपळूण, डिस्ट. रत्नागिरी, पिन ४१५६०५.' एवढंच. खाली सही, आणि तारीख. तारखेत महिना आधी लिहिला होता, बरोब्बर.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, कारण विचारलंय तर पिनकोड कशाला लिहितात? मी म्हटलं, तूच विचार. तिकडे सकाळ झाली होती. त्याने स्पीकरवर लावला. मागे प्रचंड आवाज, भोंगे, कुणीतरी चहा चहा ओरडतंय.

"नाना, कुठे आहात?"

"स्टँडवर. गुहागर वीस मिनिटं लेट आहे."

"तुम्हाला कुठे जायचंय गुहागरला?"

"मला कशाला जायचंय. कॉपी आली का रे? आली तर नीट फाईलला लाव. सईच्या ग्रॅज्युएशनला व्हिजिटर विसा काढायचाय ना, तेव्हा लागेल ती."