क्रिकेट हंगामासाठी सामन्याच्या दिवसांनुसार पोस्टचे नियोजन

प्रति,
कारखाना, सराफ्याजवळचे दुकान आणि समाजमाध्यमे सांभाळणारे सर्व सहकारी,

आयपीएलच्या दोन महिन्यांत आपल्या शेवेची आणि मिक्श्चरची मागणी संध्याकाळकडे सरकते, त्यामुळे रोज सकाळी ११ वाजता पोस्ट टाकण्याची आपली पद्धत या काळापुरती बंद करत आहोत. रात्रीचा सामना ७:३० ला सुरू होतो आणि नाणेफेक ७ वाजता होते. ग्राहकाने पुडा मागवायचा तो त्याआधी. रामबागेतून किंवा सुदामानगरातून आलेली मागणी पोहोचवायला आपल्या मुलांना संध्याकाळच्या गर्दीत पाऊण तास लागतो, म्हणून दिवसाची मुख्य पोस्ट ५:३० लाच गेली पाहिजे. सहानंतर गेलेली पोस्ट वाचणाऱ्याला भूक लावते आणि पुडा पहिल्या षटकानंतर पोहोचवते, ज्याचा राग रास्तपणे आपल्यावरच निघतो.

या वेळेचे मूळ कढईपाशी आहे. गरम शेव पुड्यात भरली की आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी ती नरम पडते; म्हणून सामन्याच्या दिवशी शेवटचा घाणा दुपारी ३ वाजता काढावा, परातींत पसरून पूर्ण निवू द्यावा आणि ५ वाजेपर्यंत पुडे बंद व्हावेत. कारखान्याकडून ‘माल तयार’ असा निरोप आल्याशिवाय ५:३० ची पोस्ट प्रसिद्ध करू नये. दुपारी ३:३० चा सामनाही असेल त्या दिवशी आदल्या संध्याकाळचा माल वापरून पहिली पोस्ट १:३० ला द्यावी.

सामन्याच्या दिवशीची मुख्य पोस्ट अशी असेल:

“नाणेफेक सातला, पण सेव-परमलची तयारी आत्ताच! कांदा बारीक चिरून ठेवा, लिंबू कापा, जीरावन हाताशी असू द्या. लसूण सेव आणि लौंग सेव आजच्याच घाण्याची आहे. ६ वाजेपर्यंत मागणी नोंदवा, पहिल्या चेंडूआधी घरपोच.”

सामना चालू असताना फक्त दोन डावांमधल्या विश्रांतीत, म्हणजे साधारण २० मिनिटांच्या अवधीत, एक स्टोरी जाईल:

“अर्धा सामना झाला, पुडा किती उरला? खरे सांगा, फोटो पाठवा.”

प्रत्येक डावात अडीच मिनिटांचे दोन टाइमआउट मिळतात. तिथेही पोस्ट घालण्याचा मोह होईल, पण एवढ्या वेळात माणूस पाणी पिऊन येतो, फोन चाळत नाही. शेवटच्या चार षटकांत आपण पूर्ण गप्प राहायचे.

आधीच वेळ लावून ठेवलेल्या पोस्टबद्दल मला विशेष काळजी वाटते. मागच्या हंगामात पावसाने सामना थांबलेला असताना आपली ‘चौकार बरसू द्या’ ही पोस्ट आपोआप गेली आणि त्याखाली लोकांनी जे लिहिले ते मी अजून विसरलेले नाही. यंदा डाव-विश्रांतीची आणि निकालानंतरची पोस्ट हातानेच टाकावी, आणि पावसाच्या दिवशी त्याऐवजी एवढेच लिहावे: “पाऊस थांबेपर्यंत चहा ठेवा, सोबत आम्ही आहोतच.”

आपण स्पर्धेचे प्रायोजक नाही. त्यामुळे स्पर्धेचे नाव, बोधचिन्ह, संघांची नावे, त्यांच्या जर्सी, खेळाडूंचे छायाचित्र किंवा नाव यांपैकी काहीही पोस्टमध्ये येऊ नये. ‘क्रिकेटचा हंगाम’, ‘आजचा सामना’ एवढे शब्द पुरेसे आहेत. ८ डिसेंबर २०११ रोजी आपल्या होळकर स्टेडियमवर वीरेंद्र सेहवागने काढलेल्या २१९ धावा इंदूरकरांना आजही तोंडपाठ आहेत आणि त्यांवरच्या पोस्टला उदंड प्रतिसाद मिळेल हे मला ठाऊक आहे, तरीही परवानगीशिवाय एका खेळाडूच्या कर्तृत्वावर आपला पुडा विकणे योग्य नाही. निकालाचा अंदाज सांगा आणि बक्षीस मिळवा, अशा स्पर्धाही नकोत. सट्ट्याचा वाससुद्धा आपल्या नावाला लागता कामा नये.

सामना नसेल त्या दिवशी विक्रीचा आग्रह न धरता इंदूरच्या क्रिकेटविषयी लिहावे. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला आणि मध्य प्रदेशने २०२२ मध्ये मुंबईला हरवून तो प्रथमच मिळवला, या गोष्टी आपल्या मराठी घरांतली आजोबा मंडळी नातवंडांना सांगतात. त्यांच्या आठवणी मागवाव्यात आणि त्या नावानिशी, त्यांची संमती घेऊन, त्यांच्याच शब्दांत छापाव्यात. या पोस्टखाली किंमत किंवा मागणीचा क्रमांक देऊ नये.

किती पुडे गेले याची नोंद दुकानाने दर अर्ध्या तासाने ठेवावी, म्हणजे ५:३० ही वेळ बरोबर ठरते की ५ करावी लागते हे पहिल्या आठवड्यातच कळेल. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी ४ वाजता सर्वांनी कारखान्यात यावे; मजकूर, पुड्यांची संख्या आणि घरपोच सेवेच्या मुलांच्या पाळ्या तिथेच नक्की करू.

विपणन विभाग, इंदूर