ठिबक संच स्वतः तपासा, स्वतः साफ करा : अंबड येथे दोन दिवसांची कार्यशाळा

शनिवार-रविवार, १९ व २० डिसेंबर २०२६ | सकाळी ९ ते सायंकाळी ५
अंबड–घनसावंगी रस्त्यालगतची मोसंबीची बाग, ता. अंबड, जि. जालना
शुल्क १,२०० रुपये (दोन दिवसांचं जेवण, चहा आणि तपासणीचं साहित्य धरून) | जागा २४

[नोंदणी करा आणि पैसे भरा : thibak-ambad.in/nondani](https://thibak-ambad.in/nondani)

आंबे बहाराचा तान तोडून पहिलं पाणी सोडलं की पुढचे महिने झाडाची सगळी भिस्त ठिबकवर असते. ओळीतल्या पहिल्या झाडाला भरपूर आणि शेवटच्या झाडाला निम्मं पाणी जात असेल, तर ते झाडावर दिसेपर्यंत फुलं गळून गेलेली असतात. म्हणून ही कार्यशाळा डिसेंबरात, पाणी सोडायच्या आधी ठेवली आहे.

नळ्या चोंदल्या की बहुतेक जण नवीन बंडल आणतात. अनेकदा त्याची गरज नसते. गरज असते ती नळीत काय साचलंय हे ओळखण्याची, कारण क्षारावरचं औषध शेवाळावर चालत नाही आणि गाळावर दोन्ही चालत नाहीत. आपल्या भागात पाणी तीन तऱ्हेचं आहे. काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी जड असतं, त्यातला चुना ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा होऊन बसतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यात गाळ येतो. शेततळ्याच्या पाण्यात ऊन लागून शेवाळ धरतं आणि नळीच्या आतून बुळबुळीत थर बसतो. एकाच गावात, एकाच बांधावर ही तिन्ही पाणी असू शकतात. शेजाऱ्याने केलेला उपाय आपल्याला लागू पडत नाही, तो यामुळेच.

## येताना काय आणायचं

- तुम्ही ठिबकला देता त्या पाण्याची १ लिटर बाटली. मोटर १० मिनिटं चालू ठेवून मग भरा, बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून काठोकाठ भरा.
- तुमच्या शेतातले दोन चोंदलेले ड्रिपर, किंवा इनलाइन नळी असेल तर ओळीच्या शेवटचा हातभर तुकडा. धुऊन आणू नका, आतला साका तसाच हवा.
- संचाचा कच्चा नकाशा: मोटर किती एचपीची, मेन आणि सबमेन किती इंची, नळी किती मिमीची, एका व्हॉल्व्हवर झाडं किती, झाडाला ड्रिपर किती आणि ते ताशी किती लिटरचे.

ड्रिपर आणि बाटलीवर नाव, गाव लिहा. दोन्हींची तपासणी तुमच्याच हातून होणार आहे.

## शनिवार : आधी मोजणी, मग ॲसिड

सकाळी बागेतल्या एका व्हॉल्व्हची पाण्याची मोजणी. त्या सबमेनवरच्या चार नळ्या घ्यायच्या: पहिली, एक तृतीयांशावरची, दोन तृतीयांशावरची आणि शेवटची. प्रत्येक नळीवर याच हिशेबाने चार ड्रिपर. या १६ ठिकाणी डबे लावून ३ मिनिटं पाणी धरायचं. ताशी ४ लिटरचा ड्रिपर ३ मिनिटांत २०० मिलि देतो, ८ लिटरचा ४०० मिलि. मग सगळ्यात कमी पाणी आलेल्या चार डब्यांची सरासरी काढायची, तिला सोळाही डब्यांच्या सरासरीने भागायचं आणि १०० ने गुणायचं. ९० च्या वर आकडा आला तर संच उत्तम, ८० ते ९० चालेल, ७० च्या खाली आला तर शेवटच्या झाडांवर अन्याय होतोय.

हे आकडे फळ्यावर राहतील. रविवारी त्याच १६ जागा पुन्हा मोजायच्या आहेत.

त्यानंतर साका ओळखणं. ड्रिपर उघडून पांढऱ्या पापुद्र्यावर ॲसिडचा एक थेंब टाकला आणि फसफसून बुडबुडे आले, तर तो चुना. बोटाला बुळबुळीत लागला, वाळल्यावर पापडी धरून सुटला, तर शेवाळ किंवा जिवाणूंचा थर. दोन बोटांत चोळल्यावर कचकचला तर वाळू-माती, म्हणजे दोष गाळणीचा. पांढरं काही आहे पण फसफसत नाही, तर तुमची खतं तपासायला हवीत: कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेटवालं खत एका टाकीत गेलं की तळाशी दगडासारखा साका बसतो, आणि तो ॲसिडनेही नीट सुटत नाही. ही दोन खतं वेगवेगळ्या दिवशी द्यायची, मधे साधं पाणी सोडायचं.

दुपारी प्रत्यक्ष ॲसिड प्रक्रिया. किती ॲसिड लागेल हे दुकानदाराला विचारायचं नाही, आपल्या पाण्याला विचारायचं. बादलीत १० लिटर पाणी घ्या, सिरिंजने १-१ मिलि हायड्रोक्लोरिक ॲसिड घालत जा, दर वेळी ढवळून सामू पट्टी बुडवा. पट्टी ४ दाखवेल तिथे थांबा. समजा ६ मिलि लागलं, तर १,००० लिटरला ६०० मिलि. आता एकरात ११० झाडं, झाडाला ८ लिटरचे चार ड्रिपर, म्हणजे ताशी ३,५२० लिटर. १५ मिनिटांत ८८० लिटर. त्याला ५२८ मिलि ॲसिड. पाणी जड असेल तर हाच आकडा दुपटीवर जातो, म्हणून बादलीची परीक्षा सोडायची नाही.

ही मात्रा व्हेंच्युरीतून १५ मिनिटांत जाईल असं बघायचं. सगळ्यात शेवटच्या ड्रिपरच्या पाण्यात पट्टी धरायची. तिथेही ४ च्या आसपास सामू आला तरच ॲसिड पोहोचलं. मग मोटर बंद करून नळ्या २४ तास तशाच भरलेल्या ठेवायच्या. कार्यशाळा दोन दिवसांची आहे ती या २४ तासांसाठी.

तीन गोष्टी इथेच वाचून ठेवा. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. उसळून अंगावर येतं. ॲसिड आणि क्लोरीन (ब्लीचिंग पावडर, हायपोक्लोराइट) एका टाकीत किंवा एकाच वेळी नळीत जाता कामा नयेत. त्यातून निघणारा क्लोरीन वायू जिवावर बेतू शकतो. आणि तान चालू असलेल्या बागेत ही प्रक्रिया करू नका; तान तोडायच्या वेळीच करा, नाहीतर थोड्या पाण्यानेही तान बिघडतो. आपण ज्या बागेत शिकणार आहोत ती मृग बहाराची आहे, तिला तान नाही.

हातमोजे, गॉगल आम्ही देऊ. पायात बंद बूट हवेत. चपलांवर ॲसिडच्या गटात उभं राहता येणार नाही.

## रविवार : गाळणी, व्हेंच्युरी, फ्लशिंग

गाळणीच्या अलीकडे आणि पलीकडे प्रेशर गेज हवेत. दोन्हींतला फरक अर्धा किलोच्या वर गेला की गाळणी धुवायची वेळ झाली. एकच गेज असेल तर हे कळतच नाही. वाळूची गाळणी उलट पाण्याने धुतात. धुताना बाहेर वाळू येऊ लागली तर व्हॉल्व्ह जास्त उघडलाय. जाळीच्या गाळणीत रबरी वॉशर वाकडा बसला तर जाळी धडधाकट असूनही कचरा कडेने पुढे जातो. ही चूक आम्हाला सगळ्यात जास्त दिसते, आणि ती बाहेरून दिसत नाही. म्हणून प्रत्येकाने गाळणी खोलून पुन्हा बसवायची आहे.

व्हेंच्युरी खत ओढत नाही ही तक्रार जवळजवळ सगळ्यांची असते. तिच्या दोन तोंडांतल्या दाबात पुरेसा फरक पडला तरच ती ओढते, म्हणून मधला व्हॉल्व्ह हळूहळू आवळत न्यायचा. ओढण्याऐवजी बुडबुडे सोडत असेल तर पुढचा दाब जास्त आहे. ओढते पण मधेच हवा घेते, तर सक्शन नळीचा जोड सैल आहे.

शेवाळवाल्यांसाठी क्लोरीनचं वेगळं प्रात्यक्षिक आहे, वेगळ्या व्हॉल्व्हवर. ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते, पण तिच्यात चुना असतो. जड पाण्यात सोडियम हायपोक्लोराइट बरं.

दुपारी फ्लशिंग. आधी मेन, मग सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह, शेवटी नळ्या. सगळ्या नळ्यांची टोकं एकदम उघडली तर पाण्याला वेगच राहत नाही आणि गाळ आतच बसतो. दोन-तीन टोकं एका वेळी. १६ मिमीच्या नळीतून मिनिटाला साधारण साडेचार लिटर पाणी पडलं पाहिजे; बादली आणि घड्याळ घेऊन हे मोजायचं. पाणी नितळ होईपर्यंत सोडायचं.

मग त्या १६ जागांची दुसरी मोजणी.

उरलेल्या वेळात खारी-उंदरांनी कुरतडलेली नळी जोडणं, ग्रोमेट आणि टेकऑफ बदलणं, गुफ प्लग लावणं, हवेचा व्हॉल्व्ह नेमका उंचवट्यावर बसवणं. मोटर बंद झाली की नळी उताराकडून रिकामी होते, वरच्या ड्रिपरमधून आत ओढ बसते आणि चिखल आत जातो; तो व्हॉल्व्ह यासाठी असतो. ड्रिपरच्या भोकात सुई किंवा टाचणी घालायची सवय असेल तर ती मोडायला हवी. भोक मोठं होतं आणि तो ड्रिपर कायमचा जास्त पाणी टाकतो.

## कोणासाठी

ज्यांचा ठिबक संच आहे असे शेतकरी, बागेवर काम करणारे सालगडी, गावात दुरुस्ती करणारे तरुण. पीक मोसंबीच हवं असं नाही. डाळिंब, केळी, ऊस, कापूस सगळ्यांना हीच मोजणी लागते. घरातल्या महिला शेत बघत असतील तर त्यांनी जरूर यावं. एका शेतातून दोघे आले तर दोघांचे मिळून २,००० रुपये. नवीन संचाचं अनुदान किंवा कोटेशन यावर इथे चर्चा होणार नाही.

## नोंदणी आणि पैसे

१. [thibak-ambad.in/nondani](https://thibak-ambad.in/nondani) उघडा. नाव, गाव, मोबाइल, पीक आणि पाण्याचा स्रोत (बोअर, विहीर, कालवा, शेततळं) भरा. स्रोत बरोबर लिहा, सहा-सहा जणांचे गट त्यावरूनच पाडतो.
२. "पैसे भरा" दाबा. यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंग चालतं. फॉर्ममध्ये दिलेल्याच मोबाइलवर पावती आणि जागेचं लोकेशन येईल.
३. पैसे कापले गेले पण तासाभरात पावती आली नाही, तर दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट nondani@thibak-ambad.in वर पाठवा.

आम्ही कोणालाही फोन करून पिन किंवा ओटीपी विचारत नाही. पैसे परत देण्यासाठी क्यूआर स्कॅन करायला सांगणारा माणूस आमचा नाही.

नोंदणीची शेवटची तारीख १४ डिसेंबर. जागा भरल्या तर लिंक आधीच बंद होईल. १२ डिसेंबरपर्यंत कळवलं तर पूर्ण पैसे परत, त्यानंतर परत नाहीत, पण तुमच्या जागी दुसऱ्याला पाठवता येईल. अवकाळी पाऊस आला तरी कार्यशाळा होईल. गाळणी आणि व्हेंच्युरीचं काम शेडमध्ये आहे.

## पोहोचायचं कसं

रेल्वेने जालना, तिथून अंबडची बस. बीड-गेवराईकडून येणाऱ्यांनी शहागड, वडीगोद्री करत अंबडला यावं. अंबड बसस्थानकावरून दोन्ही दिवशी सकाळी ८.३० ला आमची पिकअप निघेल, संध्याकाळी ५.३० ला परत सोडेल. दुचाकी लावायला बागेत जागा आहे. लांबून येणाऱ्या आठ जणांची शनिवारी रात्री शेडमध्ये झोपायची सोय होईल. अंथरूण-पांघरूण आपलं आणावं, डिसेंबरात रानात थंडी चांगलीच असते. फॉर्ममध्ये "मुक्काम" वर खूण करा.

दुपारी ज्वारीची भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा. उपवास असेल तर आदल्या दिवशी कळवा.

[१,२०० रुपये भरून जागा पक्की करा : thibak-ambad.in/nondani](https://thibak-ambad.in/nondani)