सर्व खाती लॉग-आउट करून पासवर्ड बदलणे सक्तीचे केल्याबाबत

प्रति,
सर्व प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी व विद्यार्थी

आज, बुधवारी सकाळी ७ वाजता महाविद्यालयाच्या ई-मेल आणि विद्यार्थी पोर्टलवरील सर्व खाती प्रत्येक मोबाईल व संगणकावरून लॉग-आउट करण्यात आली असून जुने पासवर्ड रद्द केले आहेत. पहिल्या तासिकेची हजेरी भरताना अनेकांचा खोळंबा झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. परंतु आधी सूचना देऊन वाट पाहण्याइतका अवधी नव्हता.

पहाटे २ ते ३.४० या वेळेत आपल्या लॉगिन पानावर बाहेरील मोजक्या इंटरनेट पत्त्यांवरून हजारो प्रयत्न झाल्याचे नोंदींत आढळले. प्रत्येक खात्यावर एखाद-दुसराच प्रयत्न झाल्यामुळे, पाच वेळा पासवर्ड चुकल्यास खाते बंद करणारी आपली व्यवस्था कामी आली नाही. ४३ खात्यांत पहिल्याच प्रयत्नात प्रवेश मिळाला, त्यावरून अन्य संकेतस्थळांवरून फुटलेले पासवर्ड येथे चालवून पाहिले असावेत, असा आमचा अंदाज आहे. आपल्या सर्व्हरवरून पासवर्ड चोरीला गेल्याची खूण अद्याप मिळालेली नाही, तरी तपास पूर्ण होईपर्यंत ती शक्यता नाकारणे योग्य नसल्याने कारवाई ४३ खात्यांपुरती ठेवलेली नाही.

नुसता पासवर्ड बदलल्याने आधीच उघडलेले लॉगिन सत्र बंद होतेच असे नाही, म्हणून सक्तीचे लॉग-आउट करावे लागले. एका कार्यालयीन खात्यात तर ‘शुल्क’ हा शब्द असलेली प्रत्येक मेल परस्पर बाहेरच्या पत्त्यावर जावी, असा नियम लावून ठेवलेला सापडला. असा नियम पासवर्ड बदलल्यावरही चालूच राहतो. तेव्हा प्रत्येकाने ई-मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपण न लावलेला नियम किंवा अनोळखी पत्ता दिसतो का, हे पाहावे आणि दिसल्यास तो काढण्यापूर्वी आम्हाला कळवावे.

नवीन पासवर्डसाठी नेहमीच्या लॉगिन पानावर ‘पासवर्ड विसरलात?’ येथे दाबावे. नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी येईल. पासवर्ड किमान १२ अक्षरांचा असावा आणि तो इतरत्र वापरलेला नसावा. महाविद्यालयाचे नाव आणि पुढे १२३ असा पासवर्ड यापुढे स्वीकारला जाणार नाही. जुना पासवर्ड बँकेच्या किंवा वैयक्तिक खात्यालाही असेल, तर तो तेथेही आजच बदलावा. मोबाईल क्रमांक बदललेला असल्यास ओळखपत्र घेऊन संगणक विभागात, खोली क्रमांक १४ मध्ये, सकाळी १० ते सायंकाळी ५.३० या वेळेत यावे.

या सूचनेत मुद्दामच कोणतीही लिंक दिलेली नाही. आमच्या नावाने लिंक आली किंवा फोनवर ओटीपी मागितला, तर प्रतिसाद देऊ नये. पैशांची फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

घटनेची माहिती विहित ६ तासांच्या आत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवली आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरण्याची मुदत शुक्रवारऐवजी सोमवारी सायंकाळपर्यंत वाढवली आहे.

प्रणाली प्रशासक,
संगणक विभाग