३०३ कडून ३०४ ला : वायफायच्या चॅनलबद्दल

काका, नमस्कार.

तुमचा राउटर आपल्या दोघांच्या मधल्या भिंतीला लागून आहे आणि चांगला दमदार आहे. आमच्या हॉलमध्ये तो उणे ४८ डीबीएम दिसतो, आमचा स्वतःचा उणे ४२. (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरात.) दोन्ही राउटर २.४ गिगाहर्ट्‌झवर चॅनल ९ वरच आहेत. एका चॅनलवरची यंत्रं एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात, त्यामुळे रात्री आठ ते दहा दोघांकडे व्हिडिओ सुरू असले की दोघांचाही वेग पडतो. तुमच्याकडेही चित्र अडकत असेल तर कारण बहुधा हेच.

एकानेच ८ किंवा १० वर सरकून भागणार नाही, उलट बिघडेल. चॅनल ५ मेगाहर्ट्‌झच्या अंतराने आहेत, पण प्रत्येक राउटर किमान २० मेगाहर्ट्‌झ जागा घेतो. शेजारच्या चॅनलवरचं बोलणं नीट कळत नाही, नुसता गोंगाट होतो, आणि पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात. एकमेकांच्या वाटेत न येणारे चॅनल १, ६ आणि ११. सहावर वरच्या मजल्याचा राउटर उणे ६० ने येतो, आणि आपला ९ त्यालाही लागतो, ११ लाही. म्हणून दोघांनीही हलावं असं वाटतं : तुम्ही १ वर या, मी ११ वर जाते. सध्या १ सगळ्यात मोकळा आहे, तो तुम्ही घ्या.

राउटरच्या खालच्या लेबलवर पत्ता असतो, बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`. लॉगिनही तिथेच लिहिलेलं असतं. ब्राउझरमध्ये तो उघडून Wireless मध्ये 2.4 GHz निवडा. बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा. मग :

```
Channel: 1
Channel Width: 20 MHz
```

Save केल्यावर वायफाय मिनिटभर जाईल. नाव आणि पासवर्ड तेच राहतात, त्यामुळे फोन, टीव्ही आपोआप जोडले जातील. Width 40 ठेवलं तर जवळजवळ निम्मा पट्टा व्यापला जातो आणि १ वर येऊनही तुम्ही सहाला धडकाल, म्हणून हे विसरू नका. Channel ला Auto ही नको : लाइट जाऊन आली की इमारतीतले सगळे राउटर एकदमच सुरू होतात, आणि Auto पुन्हा भलताच चॅनल उचलू शकतं. पॉवर कमी करायची गरज नाही, 5 GHz लाही हात लावू नका.

रविवारी सकाळी अकराला चालेल का? मी माझा त्याच वेळी बदलते. हवं तर लॅपटॉप घेऊन येते, दहा मिनिटांचं काम आहे. लॉगिन चालत नसेल तर कंपनीच्या माणसाकडून पासवर्ड मागून घ्या. राउटर रिसेट मात्र करू नका, जोडणीची सेटिंगही पुसली जाते.

तुमची शेजारीण, ३०३