सोप्याची उत्तर भिंत: मागचा पावसाळा, हा पावसाळा

स्लाइड 4
आपलं जुनं घर, खानापूर तालुका. जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं.

डावीकडे: आधी
18 जुलै 2023, सकाळी 10
लोणा कोनाड्याच्या तळापर्यंत, जमिनीपासून 3 फूट 2 इंच. सिमेंटचा गिलावा फुगलाय, हात लावला की पापुद्रे गळतात.

उजवीकडे: नंतर
20 जुलै 2024, सकाळी 10
ओल 7 इंचांवर थांबली. वरचा चुन्याचा गिलावा कोरडा. दाराजवळचा कोपरा अजून दमट आहे. फोटोतून काढलेला नाही.

जवळून: कोनाड्याचा तळ
(दोन्ही फोटोंतला तोच चौकोन, त्याच मापाचा)
आधी: मिठासारखा पांढरा फुलोरा, कंदील ठेवायच्या जागी सिमेंटची खपली.
नंतर: कोनाड्याची कड पुन्हा हाताला गोल लागते. गवंड्याच्या थापीचा वळसा दिसतो.

*फोटोंखाली, बारीक अक्षरात:*
मोबाईल एकाच स्टुलावर, मधल्या खांबाला टेकून. जुळणी चौकटीच्या लाकडी कोपऱ्यावर आणि कोनाड्यावरच्या खिळ्यावर. आधीचा फोटो जरा कलता होता, सरळ केला. उजेड, रंग वाढवलेले नाहीत.

बोलताना

तात्या, दादा, आधी खिळा बघा. आजोबांची टोपी असायची तोच. गवंडी उपटणार होता, मी थांबवलं, कारण दोन फोटो एकमेकांवर बसवायला चौकट सोडली तर भिंतीत दुसरं काही जागचं उरणार नव्हतं. गिलाव्याची कड धरून चालत नाही: सिमेंटचा थर इंचभर होता, चुन्याचा त्याच्या निम्मा. त्यामुळे उजवीकडे चौकट जास्त पुढे आलेली वाटते. चौकट हललेली नाही, भिंत बारीक झालीय.

दुसरं, दोन्ही फोटो जुलैचे. एप्रिलमध्ये काढला असता तर ही भिंत आधीसुद्धा कोरडीच दिसली असती, आणि मग दाखवण्यात काय अर्थ?

ओल का चढायची? रस्ता दरवेळी उंच होत गेला, पाणी पायाशी साचायला लागलं. वरून सिमेंट लावल्यावर जांभ्यातली ओल बाहेर पडेना, ती वर वर चढत गेली. म्हणून आधी भिंतीबाहेर चर खणून पाणी परसाकडे वळवलं, मग सिमेंट सोलून काढलं, भिंत दोन महिने उघडी वाळू दिली आणि शेवटी चुना. नुसता चुना लावून भागलं नसतं.

कोपऱ्याचं विचारणारच तुम्ही. तिथं चर पायरीला अडलाय. पायरी काढायची तर आईला विचारावं लागेल, मी अजून विचारलेलं नाही.

पुढची स्लाइड पडवीची. तिचा फक्त आधीचा फोटो आहे. खिळा मी आत्ताच ठोकून ठेवलाय.